मुलाखत थांबवा

फॉर्मवरचा पहिला प्रश्न मीच लिहिला होता. ‘या हंगामात तुम्ही स्वतः फवारणी केली का?’ आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत, तेही माझंच: ‘उत्तर नाही असल्यास मुलाखत थांबवा. आभार माना.’ यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या पुढे असलेल्या त्या गावात एका ओसरीवर मी हे अक्षरशः पाळलं. यादीत नाव होतं त्या घरच्या मुलाचं, पण तो वावरात गेला होता. ओसरीवर त्याचे वडील बसले होते. पंचेचाळिशीचे असतील, पण बसण्यात साठीचा थकवा होता. मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, “मी आता नाही मारत.” मी ‘नाही’वर खूण केली, आभार मानले आणि उठले. चपला घालत होते तेवढ्यात काकू आतून पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आल्या. माझ्या हातातल्या मिटलेल्या वहीकडे पाहत म्हणाल्या, “एवढंच? मले वाटलं, काही लिहून घ्यान.”

मी पाणी प्यायले आणि पुढच्या घरी गेले.

तो 2019 चा सप्टेंबर होता. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध होता आणि माझा प्रश्न मला अगदी स्वच्छ वाटत होता: फवारणी करताना हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, अंगावर अॅप्रन घातल्याने विषबाधा कमी होते का? प्रश्न आभाळातून पडला नव्हता. 2017 च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकाची फवारणी करता करता वीसहून जास्त माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. मी तेव्हा अकोल्यात बी.ए.ला होते. आमच्या घरी रोज संध्याकाळी त्यावरच बोलणं व्हायचं, कारण आईचं माहेर त्याच पट्ट्यातलं. त्यानंतर गावोगाव सुरक्षा किटं वाटली गेली. दोन वर्षांनी ती किटं कुठे होती, हे मी पाहत होते. काही खुंटीला लटकत होती, काही धान्याच्या कोठीमागे होती आणि काही खरोखर अंगावर होती. मग जे घालतात आणि जे घालत नाहीत त्यांच्याकडे फॉर्म घेऊन जायचं, कोणाला त्रास झाला ते विचारायचं आणि दोन गटांची तुलना करायची. यात अवघड ते काय, असं मला वाटलं होतं.

यादी करतानाही मी काळजी घेतली होती. तीन गावं निवडली. प्रत्येक गावात कोतवाल, कृषी केंद्रावरचा मुलगा आणि दोन-तीन मोठे शेतकरी यांना एकच प्रश्न विचारला: सध्या गावात कोण कोण फवारा मारतं? तिघांच्या याद्या जुळवून नावं काढली. या ‘सध्या’ शब्दावर मी एक क्षणही थांबले नाही.

त्या दिवसांचा वास अजून लक्षात आहे. सकाळी सातला वावराच्या धुऱ्यावर पोचलं की आधी ओल्या मातीचा आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानांचा वास यायचा, आणि मग मध्येच घशाला धरणारा, लसणीसारखा, थोडा रॉकेलसारखा वास नाकात शिरायचा. बांधावर प्लास्टिकचा ड्रम, त्यात विहिरीचं पाणी. शेजारी दोन-तीन वेगवेगळ्या बाटल्या, एक टॉनिक आणि कधी विद्राव्य खताची पुडी. सगळं एकाच वेळी ड्रममध्ये जायचं. मोजमाप बाटलीच्या बुचाने व्हायचं आणि ढवळायला तुराटी. तुराटी सापडली नाही तर हात. मग पंधरा-सोळा लिटरचा पंप पाठीवर. एकरामागे दहा-बारा पंप लागतात आणि मजुरी बहुतेकांना पंपाच्या हिशोबानेच मिळते, त्यामुळे थांबायचं कुणाला परवडत नाही. इथे सगळे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. फवारताना चक्कर आली, डोळ्यांपुढे धुकं आलं, हात थरथरायला लागले, तर ‘औषध लागलं’ म्हणतात. माझ्या फॉर्मवर ‘विषबाधा’ छापलेलं होतं. पहिल्या आठ जणांनी त्याला ‘नाही’ म्हटलं. नवव्याने ‘नाही’ म्हणून झाल्यावर सहज सांगितलं की मागच्या साली औषध लागलं होतं, दोन सलाईन घ्याव्या लागल्या. त्याच रात्री मी सगळ्या फॉर्मवर पेनाने शब्द बदलला आणि त्या आठ जणांकडे पुन्हा गेले. ती चूक दुरुस्त करता आली. म्हणून असेल, पण पुढे जे अडेल तेही असंच एखाद्या शब्दाने सुटेल, असा माझा भ्रम झाला.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी चौसष्ट फॉर्म भरले होते. मी राहत होते त्या घरात रात्री लाइट गेली होती. टॉर्च पाण्याच्या बाटलीमागे ठेवून मी वहीवर चौकट आखली. किमान हातमोजे आणि मास्क नेहमी वापरतो असं सांगणारे बावीस, न वापरणारे बेचाळीस. गेल्या तीन वर्षांत एकदा तरी औषध लागलं असं सांगणारे पहिल्या गटात तेरा आणि दुसऱ्यात बारा. मी पुन्हा मोजलं. बावीसपैकी तेरा, म्हणजे निम्म्याहून जास्त. बेचाळीसपैकी बारा, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. माझा तक्ता सांगत होता की हातमोजे घालणाऱ्यांना औषध दुपटीने लागतं.

आधी वाटलं, ‘हो’ आणि ‘नाही’च्या खुणा उलट्या लावल्या असतील. एकेक फॉर्म काढून पाहिला, खुणा बरोबर होत्या. मग वाटलं, लोक खोटं बोलले, किट घालत नसताना घालतो म्हणाले. काही बोललेही असतील, पण त्याने तक्ता असा उलटा का व्हावा? पहाटेपर्यंत मी पत्र्यावरचा पाऊस ऐकत पडून राहिले. भीती तक्त्याची नव्हती. हा कागद उद्या कोणाच्या हातात पडला आणि तो गावात येऊन म्हणाला की हातमोज्यांनीच त्रास होतो, काढून टाका, तर काय होईल, याची होती.

सकाळी मी त्या तेरा जणांकडे एकच प्रश्न घेऊन परत गेले. तो प्रश्न माझ्या चार पानी फॉर्मवर कुठेच नव्हता: मोजे कधीपासून घालता? पहिलाच माणूस बैलाला वैरण टाकत होता. माझ्याकडे न पाहताच म्हणाला, “लागल्यावर घालाले लागलो. आंधी कोन घालते बाप्पा?” तेरापैकी नऊ जणांनी या ना त्या शब्दांत हेच सांगितलं. म्हणजे मोज्यांमुळे औषध लागलं नव्हतं, औषध लागल्यामुळे मोजे आले होते. माझ्या फॉर्मने आजचे मोजे आणि तीन वर्षांपूर्वीचं दुखणं एकाच ओळीत बसवलं होतं आणि त्यांच्यात आधी काय, नंतर काय, हे विचारलंच नव्हतं.

झाडाखाली बसून मी ते नऊ जण दुसऱ्या रकान्यात नेऊन पाहिले. दुखणं आलं त्या दिवशी त्यांच्या हातात मोजे नव्हतेच, तेव्हा ते न घालणाऱ्यांतच धरायला हवे होते. आता घालणारे तेरा, त्यात त्रास झालेले चार. न घालणारे एक्कावन्न, त्यात त्रास झालेले एकवीस. क्षणात सगळं सुलट दिसायला लागलं. घालणाऱ्यांत तिसऱ्या हिश्श्याहून थोडे कमी, न घालणाऱ्यांत पाचातले दोन. मला हायसं वाटलं, हे मान्य करते. बरोबर उत्तर आलं म्हणून नव्हे, हवं ते उत्तर आलं म्हणून. आणि मग त्या हायसं वाटण्याचीच शरम वाटली. फक्त नऊ माणसं इकडची तिकडे केली की उत्तर उलटतं, तर ते उत्तर कसलं? मी अजून किती जणांना चुकीच्या खणात ठेवलं असेल? आणि खणातच न ठेवलेले किती?

तेव्हा काकूंचं ‘एवढंच?’ आठवलं.

मी प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमना फोन केला. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ यायची. सगळं ऐकून घेतल्यावर त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ज्यांना जास्त लागलं ते अजून फवारतायत का गं?” मी म्हटलं, “माहीत नाही. यादीत सध्याचेच आहेत.” त्या म्हणाल्या, “मग तू फक्त टिकलेल्यांना भेटते आहेस.” कारखान्यांतल्या कामगारांचा अभ्यास करणाऱ्यांना ही अडचण फार जुनी आहे, असं त्यांनी सांगितलं. कामाने ज्याची तब्येत बिघडते तो काम सोडतो आणि तपासणीच्या दिवशी हजर असतात ते तब्येतीने धडधाकट. वरवर पाहता ते काम निरोगीच ठरतं. मी विचारलं, फॉर्म वाढवू का, आणखी तीन गावं घेऊ का? त्या म्हणाल्या, “दोनशे केलेस तरी तीच चूक जास्त ठामपणे दिसेल. माणसं कमी असणं हा तुझा त्रास नाहीच. तू ज्या वेळी आणि ज्या दाराने आत गेलीस, तो आहे.”

पुढचे तीन दिवस मी एकाच गावात आळीआळीने फिरले आणि प्रश्न बदलला: पूर्वी कोण फवारा मारायचं? ‘पूर्वी’ म्हटल्यावर लोक मोकळे होतात, हे तिथे कळलं. अकरा नावं निघाली. चौघे गाव सोडून गेले होते, कोणी पुण्याला सिक्युरिटीत, कोणी नागपूरला बांधकामावर. सात जण गावात होते आणि त्यातल्या पाच जणांनी औषध लागल्यावरच काम सोडलं होतं. यांतला एकही माझ्या चौसष्टांत नव्हता. यांना तक्त्यात घ्यायचं म्हटलं तर त्या दिवशी अंगावर काय होतं, हे कळायला हवं. इथे मी दुसऱ्या भिंतीला धडकले. ज्यांना लागलं होतं त्यांना तो दिवस धाग्याधाग्याने आठवत होता. वारा कुठून होता, रुमाल कुठल्या रंगाचा, पंपाचं झाकण गळत होतं आणि पाठ पार ओली झाली होती, सगळं. (पाठीबद्दल माझ्या फॉर्मवर एक शब्द नव्हता. तोंडाच्या मास्कवर चार प्रश्न होते आणि हे औषध अंगात जातं ते बहुतांशी कातडीतून.) पण ज्यांना कधीच लागलं नव्हतं त्यांना मी विचारलं की 2017 च्या ऑगस्टमध्ये फवारताना तुम्ही काय घातलं होतं, तर ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. न घडलेल्या दिवसाची आठवण कोण ठेवतो? एका बाजूला बारीकसारीक आठवणी आणि दुसऱ्या बाजूला अंदाज. यांची तुलना करून जो फरक येईल तो मोज्यांचा की आठवणीचा, हे सांगता येणार नव्हतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर कशाने मिळालं असतं, हे मी त्या रात्री वहीत लिहून काढलं. जुलैत, पहिल्या फवाऱ्याच्या आधी गावात यायचं. फवारणाऱ्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं आणि त्याच दिवशी रक्त घेऊन कोलिनेस्टरेज मोजायचं. प्रोफेनोफॉस किंवा मोनोक्रोटोफॉससारखी औषधं रक्तातलं आणि मज्जातंतूंतलं हे विकर मारतात. म्हणूनच घाम सुटतो, तोंडाला पाणी सुटतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात. पण मूळची पातळी माणसागणिक इतकी वेगळी असते की एखाद्याची तिसऱ्या हिश्श्याने खाली आली तरी प्रयोगशाळेच्या कागदावर ती नॉर्मलमध्येच दिसू शकते. त्यामुळे तुलना त्याच माणसाच्या हंगामाआधीच्या आकड्याशीच करावी लागते. पुढे प्रत्येक फवाऱ्याच्या दिवशी धुऱ्यावर उभं राहून अंगावर काय आहे ते स्वतः पाहायचं, लगेच पुन्हा रक्त घ्यायचं, आणि ज्याने मध्येच काम सोडलं त्याचा माग तर मुळीच सोडायचा नाही. एवढं करूनही अर्धंच हाती लागेल, कारण ड्रममधल्या सगळ्याच बाटल्या या विकरावर काम करत नाहीत. पायरेथ्रॉइड गटातली औषधं वेगळ्या वाटेने जातात आणि या चाचणीत दिसत नाहीत. सप्टेंबर सरत आला होता. पहिला फवारा कधीच होऊन गेला होता. माझ्याकडे एक वही, एक टॉर्च आणि परतीच्या तिकिटापर्यंतचे सोळा दिवस होते. चौसष्ट फॉर्मचा गठ्ठा उशाला होता. तो खोटा नव्हता. प्रत्येक कागदावर एका माणसाने कामातून काढलेली वीस मिनिटं होती. पण मी जे विचारायला आले होते ते तो सांगू शकत नव्हता, आणि मी कितीही हुशारीने मांडणी केली तरी सांगणार नव्हता. मला त्या माणसांचं फार वाईट वाटलं. पऱ्हाटीत उभं राहून, पंप पाठीवरून उतरवून, घाम पुसत त्यांनी मला उत्तरं दिली होती.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मी त्या ओसरीवर गेले. या वेळी कोरी वही घेतली. काकू ज्वारी पाखडत होत्या. काका त्याच खांबाला टेकून बसले होते. मी म्हटलं, “काका, त्या दिवशी मी लवकर उठले. तुम्ही फवारा मारणं का सोडलं, ते सांगाल का?” त्यांनी आधी काकूंकडे पाहिलं. सूप थांबलं.

“त्या साली पऱ्हाटी डोक्शावरून गेल्ती,” ते म्हणाले. “नळी वर धरून माराले लागे. सारं तोंडावर ये.” तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना बैल दोन-दोन दिसायला लागले. सात दिवस दवाखान्यात काढले. त्याआधीच्या तेवीस वर्षांत कधी काही झालं नव्हतं, म्हणून रुमालाशिवाय काही लावलं नव्हतं. परत आल्यावर काम सोडलं, पण मजुरी कोणाची तरी यायलाच हवी होती. पुढच्या हंगामात पंप पोराने उचलला. तो एकोणीस वर्षांचा. काकू म्हणाल्या, “यायचा तो सद्रा म्या तीन डाव धुतला, तरी वास नाही गेला. माह्ये हात चार दिवस आगीवानी झाले.” शेवटी त्यांनी तो जाळायचा ठरवला, मग जाळताना धूर कोणाच्या अंगावर येईल म्हणून उकिरड्यापल्याड खड्डा करून पुरला. हे त्या अगदी सावकाश सांगत होत्या, कोणी विचारेल म्हणून दोन वर्षं जपून ठेवल्यासारखं. मी लिहीत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे तक्त्याचा एक खण येत होता. त्यांच्या मुलाचा फॉर्म मी पहिल्या आठवड्यातच वावरात भरून घेतला होता. हातमोजे: हो. मास्क: हो. चष्मा: हो. त्रास: नाही. माझ्या चौसष्टांतला सगळ्यांत नीटनेटका, मला हवा तसा कागद. ते मोजे त्याच्या हातात का आले, याचं कारण माझ्यासमोर खांबाला टेकून बसलं होतं, आणि त्याच्यापाशी मी मुलाखत थांबवली होती.

मॅडमच्या संमतीने प्रबंधाचा प्रश्न बदलला. औषध लागल्यानंतर घरात काय होतं, कोण काम सोडतं, कोणाला सोडता येत नाही आणि पंप कोणाच्या पाठीवर जातो, हे मी उरलेल्या दिवसांत सतरा घरांत बसून ऐकलं. मोज्यांचं उत्तर मी दिलं नाही. पहिल्या तक्त्याची गोष्ट मात्र एका प्रकरणात जशी घडली तशी, नऊ माणसांच्या हलवाहलवीसकट लिहिली. परीक्षकांपैकी एकांना ते प्रकरण अनावश्यक वाटलं. ते काढून टाकावं असं मला आजही वाटत नाही.

त्या संध्याकाळी मी ओसरीवरून उठायच्या बेतात होते तेवढ्यात मुलगा परत आला. मला पाहून ओळखीचं हसला. काकांनी त्याला अंगणातच थांबवलं, उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. ते स्वतः उठले, खांबाला धरून सावकाश, आणि पंप त्याच्या पाठीवरून उतरवून झाकण बोटाने चाचपून पाहिलं. मग त्याला पाठमोरं वळवून सदऱ्यावरून तळहात फिरवला, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. तळहात उजेडाकडे धरून पाहिला. “कोरडी हाय,” ते काकूंना म्हणाले. काकूंनी बादली भरून ठेवलीच होती.